वर्षांचं माप किमतीला कसं लागू पडतं?

"ड्युरेशन तर वर्षांत सांगतात. मग व्याजदर थोडे हलले की रोख्याची किंमत किती पडेल, हे त्यावरून कसं काढायचं?"

तीन वर्षांचा एक रोखा घ्या. दर्शनी किंमत १००० रुपये, वर्षाला ८ टक्के कूपन, बाजारातलं यील्ड, म्हणजे आजच्या किमतीला रोखा घेऊन मिळणारा वार्षिक परतावा, तोही ८ टक्के. पैसे तीनदा येतात: ८०, ८० आणि शेवटी १०८०. ८ टक्क्यांनी त्यांचं आजचं मूल्य काढलं, तर ७४.०७, ६८.५९ आणि ८५७.३४ रुपये येतं. बेरीज १०००, म्हणजे आजची किंमत.

आता एकेका हप्त्याकडे बघा, कारण उत्तर तिथेच आहे. यील्ड वाढलं की वर्षभराने येणारा हप्ता एकदाच जास्त दराने भागला जातो, तिसऱ्या वर्षाचा तीनदा. म्हणून यील्डमधल्या छोट्या वाढीला १.०८ ने भागून हप्त्याच्या वर्षांनी गुणलं, की त्या हप्त्याचं मूल्य किती टक्के घटेल ते मिळतं. संपूर्ण रोख्यासाठी या वर्षांची सरासरी हवी, आणि ज्या हप्त्याचं आजचं मूल्य मोठं, त्याचं वजन मोठं. हीच सरासरी म्हणजे मॅकॉले ड्युरेशन. इथे ती २.७८ वर्षं येते. तिला १.०८ ने भागलं की मॉडिफाइड ड्युरेशन, साधारण २.५८. वर्षांचा आणि किमतीचा संबंध जुळतो तो असा, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

यील्ड ८ वरून ८.५ टक्के झालं, तर २.५८ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे १.२९ टक्के घट. अंदाजे किंमत ९८७.११ रुपये. पूर्ण गणित मांडलं तर ९८७.२३. फरक बारा पैशांचा.

यील्ड थेट १० टक्क्यांवर गेलं, तर अंदाज ९४८.४६ सांगतो आणि खरी किंमत ९५०.२६ असते. किंमत आणि यील्ड यांचा आलेख वक्र आहे. आपण त्याला सरळ रेषेने मोजतोय. साध्या, ठरलेल्या हप्त्यांच्या रोख्यात खरी किंमत दोन्ही बाजूंना अंदाजापेक्षा वरच राहते: पडताना कमी पडते, चढताना जास्त चढते. म्हणून पाव-अर्ध्या टक्क्याच्या हालचालीपुरता हा हिशोब मी बिनधास्त वापरते. त्यापुढे पूर्ण किंमतच काढते.

म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे असतात. सेबीने कर्जरोखे फंडांचे बरेचसे प्रकार मॅकॉले ड्युरेशनवरून ठरवले आहेत, त्यामुळे तोच आकडा आधी नजरेत भरतो. किमतीच्या अंदाजाला मात्र मॉडिफाइड घ्या. आणि केंद्र सरकारच्या बहुतेक रोख्यांप्रमाणे व्याज सहामाही मिळत असेल, तर मॅकॉलेला भागताना यील्डचा अर्धा भाग धरा: ७ टक्क्यांना १.०७ नव्हे, १.०३५.