निळ्या रंगात अडकलेले लोह

रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करताना सूक्ष्मदर्शकाखाली फारसे अनपेक्षित काही दिसत नाही, त्यामुळे त्या दिवसाची एक काचपट्टी अजून स्पष्ट आठवते. बावन्न वर्षांच्या एका बाईंचा अस्थिमज्जेचा नमुना तपासणीसाठी आला होता. त्यांना सहा वर्षांपासून रूमॅटॉइड संधिवात होता आणि हिमोग्लोबिन ८.९ वर अडकले होते. चार महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नव्हते, म्हणून मज्जेतच काही बिघाड असावा अशी शंका त्यांच्या डॉक्टरांना आली होती. नमुना देताना त्या मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, एकही गोळी चुकवली नाही हो मी, पण कोणाला खरंच वाटत नाही."

त्यांचे रक्ताचे अहवाल माझ्यासमोर होते. रक्तद्रवातले लोह २२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे बरेच कमी होते. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाची एकूण क्षमता २१० होती, म्हणजे जेमतेम दहा टक्के जागा भरलेली होती. इथपर्यंत कोणीही लोहाची कमतरता असेच म्हणेल. परंतु साध्या कमतरतेत ही वाहक क्षमता वाढते, इथे ती उलट उतरलेली होती. आणि साठ्याचा निर्देशक असलेले फेरिटिन ४८६ होते. अर्थात फेरिटिन दाहातही वाढते आणि दाह किती आहे हे दाखवणारे त्यांचे सीआरपी ६४, म्हणजे बरेच जास्त होते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर साठा भरलेला आहे असे मी म्हणू शकत नव्हतो.

म्हणून मी प्रशियन ब्लू रंजन केले. या रंजनात साठवलेले लोह निळे दिसते. पहिल्याच दृश्यक्षेत्रात मज्जेतल्या भक्षक पेशी निळ्या कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या, आणि त्यांना अक्षरशः खेटून असलेल्या, लाल पेशी बनण्याच्या वाटेवरच्या तरुण पेशींत शोधूनही निळा ठिपका सापडेना. निरोगी मज्जेत अशा बऱ्याच पेशींत एक-दोन कण सहज दिसतात. कोठार काठोकाठ भरलेले आणि शेजारचा उपाशी, असा तो प्रकार होता. मी तीन पट्ट्या पाहिल्या. तिन्हींत तेच चित्र होते.

यामागची कळ यकृतात आहे. संधिवातासारख्या दाहात इंटरल्यूकिन-६ हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि तो यकृताला हेप्सिडिन नावाचे, २५ अमिनो आम्लांचे छोटेसे संप्रेरक बनवायला लावतो. पेशीतून लोह बाहेर पडण्याचे एकच ज्ञात दार आहे, फेरोपोर्टिन हे प्रथिन. हेप्सिडिन या दाराला चिकटले की पेशी ते दारच आत ओढून घेते आणि मोडून टाकते. भक्षक पेशी म्हाताऱ्या लाल पेशी गिळून त्यांतले लोह परत रक्तात सोडतात. रोज लागणारे सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह मुख्यतः याच वाटेने येते. आहारातून मिळणारे जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम असते. दार बंद झाले की हा मोठा ओघ आत तुंबतो. आतड्याच्या पेशींनाही तेच दार असते, म्हणून गोळीतले लोह त्या पेशीतच अडकते आणि ती पेशी काही दिवसांत झडून गेली की तिच्याबरोबर बाहेर पडते. बाईंची एकही गोळी चुकली नव्हती. गोळीलाच वाट मिळाली नव्हती. (जंतूंना वाढीसाठी लोह लागते, म्हणून संसर्गात ते दडवून ठेवणे उपयोगी ठरत असावे, सहा वर्षे चाललेल्या संधिवातात मात्र तीच खबरदारी अंगाशी येते.)

हेप्सिडिन थेट मोजण्याची चाचणी आमच्याकडे नव्हती, आणि नेहमीच्या तपासण्यांमध्ये ती सहसा नसतेच. अहवालात मी मज्जेत दुसरा विकार दिसत नसल्याचे, साठ्यात लोह भरपूर असल्याचे आणि ते लाल पेशींना उपलब्ध नसल्याचे लिहिले आणि त्यांच्या डॉक्टरांना फोनवर सांगितले की गोळ्यांची मात्रा वाढवण्यापेक्षा संधिवात आटोक्यात आणणे अधिक उपयोगी ठरेल. त्यांनी संधिवाताचे औषध बदलले आणि गोळ्या थांबवल्या. तीन महिन्यांनी सीआरपी ९ आणि हिमोग्लोबिन ११.३ होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी याच आजाराच्या दुसऱ्या एका रुग्णाचे फेरिटिन ६८ आले. तो आकडा सामान्य मर्यादेत होता, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी हाही अडकलेल्या लोहाचाच प्रकार मानला होता. पण एवढ्या दाहात भरलेला साठा असता तर फेरिटिन शंभराच्या बरेच वर असायला हवे होते. त्यांच्या मज्जेतल्या भक्षक पेशींत निळा रंग जवळपास नव्हताच. त्यांचे पोट तपासले तेव्हा संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेला, हळूहळू झिरपणारा व्रण सापडला, आणि त्यांना मात्र लोह शिरेतून द्यावे लागले.