काळ्या केसांवर गुलाबी आणि निळा: माझी नोंदवही, बट-चाचणीपासून सातव्या धुण्यापर्यंत

या वेळचा बेत असा: मानेवरचा आतला थर रंगवायचा, डावीकडे गडद गुलाबी आणि उजवीकडे निळा. वरचे केस काळेच ठेवायचे, म्हणजे बांधले की रंग दिसेल, सोडले की झाकेल. केस मुळात लेव्हल २, म्हणजे उन्हातही जेमतेम तपकिरी वाटतील इतके काळे. आधी कधी डाय नाही, मेंदीही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण धातूचे क्षार असलेला जुना रंग किंवा भेसळीची मेंदी केसांत असेल तर ब्लीचशी त्याची प्रतिक्रिया होऊन केस तापतात आणि तुटतात. तसं काही लावलेलं असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं तुमच्या कामाचं नाही.

आधी कापलेल्या केसांवर

मागच्या महिन्यात टोकं कापली तेव्हा ती जपून ठेवली होती. त्यांच्या चार जुड्या दोऱ्याने बांधल्या आणि प्रत्येक जुडी ब्लीचमधून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढली. चौथीला तर दुसऱ्यांदा ब्लीच लावावं लागलं. हाताशी आले चार टप्पे: भडक नारिंगी (साधारण ६), नारिंगी-पिवळा (७ ते ८), स्वच्छ पिवळा (९) आणि केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट (१०). मग प्रत्येक जुडी मधोमध विभागून अर्धीला गुलाबी आणि अर्धीला निळा लावला.

गुलाबीने फारसा त्रास दिला नाही. नारिंगीवर तो लालसर आला, वाईट नाही पण डब्यावरचा नव्हे. नारिंगी-पिवळ्यावर छान भडक, किंचित पोवळ्याकडे झुकलेला. पिवळ्यावर हवा तसा. सर्वात फिकट जुडीवर तर डोळ्यांना टोचेल इतका. गुलाबीत लाल असतोच, त्यामुळे खालून डोकावणारा नारिंगी त्याच्यात मिसळून जातो.

निळ्याचं गणित वेगळं. नारिंगीवर तो मळकट झाला, शाई सांडून पुसल्यासारखा, कारण निळा आणि नारिंगी एकमेकांना मारतात. नारिंगी-पिवळ्यावर काळपट हिरवट-निळा. पिवळ्यावर पहिल्या दिवशी बरा वाटला, पण सहा वेळा धुतल्यावर समुद्री हिरवा झाला. फक्त चौथी जुडी निळीची निळी राहिली. हे रंग अर्धपारदर्शक असतात, त्यांना डेव्हलपर लागत नाही आणि ते केस उजळवतही नाहीत. खाली जे असेल त्यावर फक्त रंगीत काच ठेवतात. पिवळ्यावर निळी काच ठेवली की हिरवा दिसणारच.

मग नवव्या लेव्हलच्या दुसऱ्या तुकड्यावर निळ्यात थोडा जांभळा घालून पाहिलं, आठ भाग निळा आणि एक भाग जांभळा. पिवळेपणा दबला आणि निळा सरळ दिसला. त्यामुळे ठरलं: गुलाबीची बाजू ८ वर थांबवायची, निळ्याची ९ च्या पुढे न्यायची आणि उरलेलं काम जांभळ्यावर सोपवायचं. दोन्ही बाजू सरसकट १० ला न्यायचा मोह आवरला, कारण मला पेस्टल नको होते. पेस्टल हवे असते तर १० शिवाय गत्यंतर नव्हतं.

पहिला दिवस

कानामागे ४८ तास आधी पॅच टेस्ट केली होती. ब्लीच पावडर २५ ग्रॅम, डेव्हलपर २० व्हॉल्यूम (म्हणजे ६ टक्के) ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या वाडग्यात. धातूचं भांडं घेऊ नका. ३० व्हॉल्यूम हाताशी होता, पण त्याने रंगद्रव्याबरोबर केसही लवकर हरतात आणि मला दोन बैठका मंजूर होत्या.

मुळांपासून बोटभर जागा सोडून लावायला सुरुवात केली आणि मुळांना शेवटी लावलं. डोक्याच्या उबेने तिथलं ब्लीच वेगाने काम करतं. आधीच लावलं तर मुळं पिवळी आणि मधला भाग नारिंगी असा प्रकार होतो. दर दहा मिनिटांनी एक बट पुसून पाहिली. पाकिटावर दिलेली कमाल वेळ उलटू द्यायची नाही असं आधीच ठरवलं होतं. ४५ मिनिटांनी धुतलं.

ओले असताना मला वाटलं, ५ च्या पुढे काही गेले नाहीत. वाळल्यावर खिडकीत उभी राहिले तर ६ ते ७. ओला केस नेहमी गडद दिसतो आणि पिवळ्या दिव्याखाली नारिंगी-पिवळ्यातला फरक कळत नाही. लेव्हल कोरड्या केसांवर आणि दिवसाच्या उजेडातच ठरवा.

आणि तिथेच एक चूक दिसली. निळ्याच्या बाजूला मधोमध दोन बोटं रुंद नारिंगी पट्टा. तिथे ब्लीच पातळ लागलं होतं आणि वाळून पांढरं खडूसारखं झालं होतं. वाळलेलं ब्लीच उजळवायचं थांबवतं, हे माहीत असूनही त्या बाजूला प्लास्टिक गुंडाळायचा मी आळस केला.

पंधरा दिवसांनी

मध्ये फक्त कंडिशनर आणि तेल. ब्लीच करण्याआधी ओली बट हलकेच ताणून पाहिली: थोडी लांबली आणि परत आली. च्युइंगमसारखी लांबत राहिली असती किंवा परत आलीच नसती, तर बैठक रद्द होती.

आधी फक्त त्या पट्ट्याला ब्लीच लावलं, दाट. आजूबाजूच्या केसांना भरपूर कंडिशनर थापलं, म्हणजे तिकडे ओघळलं तरी फारसं चढू नये. वीस मिनिटांत पट्टा बाकीच्यांच्या रांगेत आला. धुऊन, वाळवून, ताण पुन्हा तपासून मग पूर्ण बाजूला लावलं, या वेळी प्लास्टिकसह. गुलाबीची बाजू वीस मिनिटांत ८ ला पोचली आणि धुतली. निळ्याची बाजू ४० मिनिटांनी ९ च्या थोडी पुढे. टोकं जराशी खरखरीत झाली, तेवढी मी छाटून टाकली.

निळा लावायच्या आधीच पट्टा सोडवण्याचं कारण: एकदा निळा बसला आणि मग पुन्हा ब्लीच केलं, तर निळा निघतो असं नाही, कित्येकदा तो चिवट हिरवा होऊन बसतो. गुलाबीचा डाग मात्र ब्लीचला बराचसा ऐकतो.

रंग

कोरड्या केसांना लावला, ४० मिनिटं ठेवला, गार पाण्याने धुतला. दोन्ही बाजूंच्या मध्ये काळ्या केसांचा पट्टा सोडला होता. त्यामुळे धुताना निळं पाणी गुलाबीत फारसं गेलं नाही, तरी एक बट जांभळट झालीच. ती मला आवडली, म्हणून ठेवली.

आजची स्थिती, सातवं धुणं

गुलाबी किंचित पोवळ्याकडे, जसा जुडीवर आला होता तसाच. निळा अजून निळाच, फक्त जिथे पट्टा होता तिथे बारकाईने पाहिलं तर हिरवटपणाची एक ओळ दिसते. पुढच्या रविवारी त्या जागेवर निळ्यात जांभळा थोडा वाढवून, सहा भागांना एक, ताजा हात फिरवणार आहे. ब्लीच नाही.