रोजनिशी : पेन्शन आहे, मग धंदा कसला?

रिटायरमेंट जवळ आली तसं जो तो विचारतोय, पुढे काय? कुणी म्हणतं दुकान टाका, कुणी म्हणतं कन्सल्टन्सी करा. दुकान म्हणजे रोज वेळेवर उघडणं आलं, शिवाय एकरकमी मिळणारे पैसे मालात अडकणार, आणि ते बुडाले तर परत कमवायला वेळ कुठून आणू? कन्सल्टन्सीत जुन्या खात्याशी संबंध आला की परवानगीची भानगड. घरखर्च पेन्शनवर भागेल, त्यामुळे मला असं काम हवंय जे मध्येच पंधरा दिवस बंद ठेवलं तरी नासणार नाही.

म्हणून जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं डोक्यात आहे. भांडवल फारसं नाही, सुई, टोचा, दोरा, पुठ्ठा, कापड, दाबायला वजन, झालं.

सध्या सरावाला घरातला जाडजूड शब्दकोश घेतलाय, पाठ पूर्ण सुटलेला. आधी जुनी शिवण उसवून फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले, मग घडीवर फाटलेल्या पानांना पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने चिकटवली. इथे खळच हवी, कारण ती पुढे कधी पाण्याने सोडवता येते, पांढरा गोंद एकदा वाळला की संपलं. (सेलोटेप तर नकोच, पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो.) मग फर्मे परत शिवायचे, पाठीला जाळीचं कापड लावायचं, वर पुठ्ठा. पुठ्ठ्यात तंतूंची एक दिशा असते, ती पाठीला समांतर धरायची, नाहीतर वाळताना कव्हर वाकडं होतं. दिशा कशी कळते तर पुठ्ठा दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचा, जिकडे सहज वाकतो त्या घडीच्या रेषेत तंतू.

हाताचं काम पाच-सहा तासांचं, पण वाळण्यात मधे दोन-तीन दिवस जातात. आणि खरी गोम इथेच आहे, कारण एवढ्या तासांची मजुरी लावली तर नवा शब्दकोश स्वस्त पडेल, कोण कशाला देईल? म्हणजे गिऱ्हाईक तेच जिथे नवी प्रत मिळतच नाही, आजोबांची हस्तलिखित वही, छपाई बंद झालेली पुस्तकं, घरातली वंशावळ. अशी पुस्तकं रोज येणार नाहीत, महिन्याला दोन-तीन आली तरी पेन्शनवाल्याला चालतील, बिनपेन्शनवाल्याला नाही परवडणार.

काही कामं दारातूनच परत पाठवायची. पानाचा कोपरा एक-दोनदा दुमडताच तुटला तर तो कागद शिवण धरणार नाही, दोऱ्यालगतच फाटेल, तिथे स्कॅन करून पेटीत ठेवा एवढंच सांगायचं. बुरशीचा वास आला तर बाकीच्या पुस्तकांजवळ आणायचंच नाही. आणि खरंच दुर्मिळ, किमती काही असेल तर ते संग्रहालयवाल्या जाणकारांकडे, माझ्या टेबलावर नाही.