तीन महिने दोन गोळ्या, मग एकच

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: ॲस्पिरिन ७५ मिलीग्रॅम दुपारी जेवणानंतर, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ, बारा महिने. हार्ट अटॅकनंतर धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट बसला, की त्यात गुठळी होऊ नये म्हणून या दोन गोळ्या देतात, आणि बारा महिने हा नेहमीचा आकडा. पण अण्णा ७६ वर्षांचे, हिमोग्लोबिन ११.८ आणि किडनी किती रक्त गाळते ते सांगणारा ईजीएफआर ५२. औषधांच्या दुकानात काम केलेल्या माणसाला हे तीन आकडे एकत्र दिसले की थबकायला होतं, कारण या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

रक्तस्रावाचा धोका मोजायच्या निकषांत हे तिन्ही 'दुय्यम' आहेत: वय ७५ किंवा जास्त, पुरुषाचं हिमोग्लोबिन ११ ते १२.९, ईजीएफआर ३० ते ५९. यातले दोन जमले तरी रुग्ण जास्त धोक्याचा धरतात. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी कायमची चालू असेल किंवा हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर असा एकच निकष पुरतो. अण्णांचे तिन्ही जमत होते, म्हणून पहिल्या फॉलोअपला मी रिपोर्ट आणि स्टेंटचं कार्ड दोन्ही घेऊन गेले.

स्टेंटचं कार्ड बहुतेक घरांत फाइलच्या तळाशी पडून असतं. त्यावर स्टेंटचं नाव, त्यावरचं औषध, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. अण्णांचा एव्हरोलिमसचा, ३ मिमी व्यासाचा आणि २८ मिमी लांब, डावीकडच्या पुढच्या धमनीत. औषधाचा लेप जखम भरताना आतली वाढ रोखतो, त्यामुळे नळी पुन्हा अरुंद होत नाही. पण त्याच कारणाने धातूवर पेशींचा थर चढायलाही वेळ लागतो, आणि तोवर उघड्या धातूवर गुठळी धरू शकते. जुन्या पिढीच्या स्टेंटमध्ये ही भीती लांबत जायची. आताच्या स्टेंटच्या तारा बारीक आहेत आणि लेपही सुधारला आहे, त्यामुळे तो काळ आखडला.

रक्तस्रावाची भीती असेल तर बिनऔषधाचा साधा स्टेंट बरा, एक महिन्यात गोळी बंद करता येते, असं अजूनही कानावर येतं. २०१५ मध्ये आलेल्या लीडर्स फ्री चाचणीत अशाच रुग्णांना दोन्ही गटांत एकच महिना दोन गोळ्या दिल्या होत्या. औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या थराविना औषध लावलेला स्टेंट तिथे साध्यापेक्षा सुरक्षितही ठरला आणि पुन्हा प्रोसिजर करण्याची वेळही कमी आली. त्यामुळे तो सल्ला मला तरी शिळा वाटतो.

डॉक्टरांनी आधी गुठळीची बाजू तपासली. एकूण स्टेंट ६० मिमीहून लांब, तीन किंवा जास्त स्टेंट, धमनीच्या फाट्यावर दोन स्टेंट, मुख्य डाव्या धमनीत, किंवा पूर्वी स्टेंट बंद पडलेला, यातलं अण्णांना काही नव्हतं. "पहिला महिना काहीही झालं तरी दोन्ही गोळ्या चुकवायच्या नाहीत, गुठळीचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो," ते म्हणाले. "तिसऱ्या महिन्यानंतर ॲस्पिरिन बंद करू. टिकाग्रेलॉर बारा महिने चालू राहील."

घरच्यांना धक्का बसला तो जुनी, ओळखीची ॲस्पिरिन बंद होणार याचा. पण ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराचं संरक्षणही कमी करते. टिकाग्रेलॉर गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेटना पुरेसं रोखत असेल, तर ॲस्पिरिन काढल्याने रक्तस्राव घटतो आणि गुठळ्या फारशा वाढत नाहीत. ते तीन महिने पोटासाठी पँटोप्राझोल ४० उपाशीपोटी दिली. टिकाग्रेलॉरऐवजी क्लोपिडोग्रेल असती, तर पोटासाठी ओमेप्राझोल टाळायचीच होती, कारण ती क्लोपिडोग्रेलला नीट सक्रिय होऊ देत नाही.

अडचणी आल्या त्या बाहेरून. गुडघा दुखला म्हणून शेजारच्यांनी डायक्लोफिनॅक सुचवली. या दोन गोळ्यांवर ती घेणं म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण, त्याऐवजी पॅरासिटामॉल. दुसऱ्या महिन्यात दात काढायचा होता, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवस सगळं बंद करायला सांगितलं. कार्डिओलॉजिस्टना फोन केला, त्यांनी ठाम नकार दिला: एक दात असेल तर गोळ्या चालू ठेवूनच काढायचा, टाका घालायचा, गॉज दाबून धरायचा, लागल्यास ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गुळण्या. थोडं जास्त रक्त येतं, पण ते दाबून थांबवता येतं. स्टेंटमधली गुठळी मात्र पुन्हा हार्ट अटॅक घडवते.

टिकाग्रेलॉरची संध्याकाळची गोळी विसरण्याची सवय सगळ्यांत वाईट. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामी करते. टिकाग्रेलॉरचा परिणाम मात्र उतरत जातो, म्हणून तर ती दिवसातून दोनदा. विसरली तर पुढची नेहमीच्या वेळी घ्यायची, दुप्पट नाही. सुरुवातीला धाप लागते, ती बहुधा औषधाचीच. पण डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायची नाही.

हिमोग्लोबिन दर महिन्याला पाहायचं ठरलं. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि दोन्ही गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण इतकी चिकट नसते.) तीन महिन्यांनी ॲस्पिरिन बंद झाली, पुढे हिमोग्लोबिन ११.६ वर स्थिर राहिलं. बारा महिने संपले की टिकाग्रेलॉर थांबेल आणि ॲस्पिरिन ७५ एकटी परत सुरू होईल, ती कायमची.