एकशे चार चारोळ्या आणि सोळा राखीव

रविवार, रात्र

इन्स्टाग्रामवर आठवड्याला दोन, म्हणजे वर्षाच्या 104 चारोळ्या. आठ विषय, प्रत्येकाच्या तेरा. आज तक्ता पुरा झाला: क्रमांक, तारीख, विषय, पूर्ण मजकूर, कार्डाच्या फाइलचं नाव, स्थिती. मजकूर तक्त्यातच ठेवायचा आणि कार्डावर, कॅप्शनमध्ये तिथूनच उचलायचा. कार्डावर एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि कॅप्शनमध्ये तसाच राहिला, तर वाचकाला दोन पाठ दिसतात.

कार्ड 1080 × 1350 पिक्सेलचं. ओळी मधल्या 900 × 900 च्या चौकोनात बसवल्या, कारण प्रोफाइलच्या जाळीत कडा कापल्या जातात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या खाली नेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू शकतो. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द टाकून पाहावेत. ‘ऱ्य’ नीट जुळला नाही, तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, सोडून द्यावा. चौथी ओळ लांब असली की ती मोडून कार्डावर पाच ओळी होतात आणि चारोळीचा शेवटचा ठोका हुकतो. तिथे सगळ्या कार्डाचं अक्षर लहान करावं, एकाच ओळीचं नव्हे.

खरा विचार राखीव सोळांचा. त्यातल्या दहा ऋतू, दिवस, सण यांचा उल्लेख नसलेल्या, कधीही चालतील अशा. उरलेल्या सहा शांत सुराच्या. मोठी दुर्घटना घडलेल्या दिवशी आधीच वेळ लावून ठेवलेली खट्याळ प्रेमाची चारोळी आपोआप झळकते, आणि ते फार बोचतं. राखीव कार्डांचा रंग फिका राखाडी ठेवला, म्हणजे आठांपैकी कुठल्याही विषयाच्या शेजारी ती परकी वाटत नाहीत.

समजा, 53 क्रमांकावर पावसाची चारोळी आहे आणि पाऊसच आलेला नाही. अशा वेळी पुढचा सगळा क्रम एकेक घर सरकवण्याचा मोह होतो. तो टाळायचा. सरकवलं की पुढच्या एक्कावन्न तारखा बदलतात, थंडीच्या ओळी थंडीच्या बाहेर जातात आणि शेवटची चारोळी वर्षाबाहेर पडते. त्यापेक्षा 53 च्या जागी राखीवमधली चौथी, ‘रा-04’, लावायची आणि पावसाची चारोळी ‘पावसाची वाट’ अशा शेऱ्यासह राखीव यादीत टाकायची. पाऊस आला की ती पुढच्या बिगरऋतूच्या चारोळीच्या जागी जाते आणि तिथली चारोळी राखीवमध्ये येते. राखीवची संख्या पुन्हा सोळाच.

शांत सहांपैकी एखादी वापरली, तर मात्र तिची जागा तशाच सुराच्या नव्या चारोळीनेच भरायची. ती घाईत लिहून होत नाही, म्हणून आज सहाऐवजी आठ लिहायला घेतल्या आहेत. सात झाल्या. आठवीची तिसरी ओळ अजून अडते आहे.