ऋणनिर्देशाचं एक पान

आज दिवसभर एकच पान पुढ्यात होतं, मराठीतून इंडोनेशियन भाषेत अनुवाद करायला. प्रबंध इंडोनेशियातल्या विद्यापीठात पीएच.डी.साठी सादर होणार आहे, पण ज्यांचा तो आहे त्या बाईंनी ऋणनिर्देश मात्र मराठीत लिहिला. मनातलं मराठीतच नीट उतरतं म्हणाल्या, आणि ते खरंच आहे.

मार्गदर्शकांबद्दलचं वाक्य असं: ‘सरांचे आभार मानण्यापेक्षा त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल.’ आपल्याकडे हा आदराचा कळस. तिकडे ते जसंच्या तसं नेलं, तर बाईंनी आभार मानायचं टाळलं असंच वाचणाऱ्याला वाटेल. ऋणाची कल्पना त्या भाषेतही आहे, ‘उतांग बुदी’ म्हणजे उपकाराचं ऋण. पण ते आभारांच्या जागी येत नाही, त्यांच्या मागून येतं. म्हणून आधी सरांचं नाव सगळ्या पदव्यांसकट, मग ‘सलाकु प्रोमोतोर’, म्हणजे मार्गदर्शक या नात्याने, त्यांचे स्पष्ट आभार, आणि पुढच्या वाक्यात ऋण. सरांसाठी सर्वनाम ‘बेलिआउ’, आपल्या आदरार्थी ‘ते’सारखं.

स्वतःसाठी ‘साया’ म्हणजे ‘मी’ चाललं असतं, पण अशा पानावर ‘पेनुलिस’, म्हणजे ‘लेखक’, हे जास्त रूढ आहे. ते ओळीओळीला आलं की पान कोरडं पडतं, म्हणून काही वाक्यांची रचनाच बदलली.

सगळ्यात जास्त वेळ आईच्या ओळीवर गेला. मूळ वाक्य आहे, ‘आई शाळेत गेली नाही, पण माझी वही ती रोज उघडून बघायची.’ हा ‘ती’ किती जवळचा आहे! आईसाठी तिथं ‘दिया’ लिहिलं, तर छापील पानावर ते उर्मट वाटेल. ‘बेलिआउ’च घ्यावं लागलं, आणि त्यानं आई जरा लांब गेली. मग सुरुवातीला ‘इबुंदा तरचिंता’, प्रिय मातोश्री, असं घातलं. वही मात्र जशीच्या तशी ठेवली. या पानावर खरा जिव्हाळा कुठे असेल तर त्या वहीत आहे, आणि तिला कुठल्याही शिष्टाचाराची आडकाठी नाही.

‘माझ्यासारख्या सामान्य विद्यार्थिनीला’ हे मूळ पानात ठिकठिकाणी आहे. ते मी काढलं. तिथल्या पानावर नम्रतेची जागा बहुधा शेवटी असते: हे लेखन परिपूर्णतेपासून अजून दूर आहे, सूचनांचं स्वागत आहे. तिथं कमीपणा कामाकडे जातो, माणसाकडे नाही. परीक्षकांच्या हाती पडणाऱ्या ग्रंथात हेच योग्य वाटतं.

सुरुवातीला ‘पुजी शुकुर’, म्हणजे देवाचे आभार, लिहायची पद्धत आहे. बाईंच्या मजकुरात देव कुठेच नाही. तो मी आपल्या मनानं कसा आणणार? फोन केला. त्या म्हणाल्या, “तिथल्या रीतीप्रमाणे एक ओळ असू दे, पण कुठल्या एका धर्माची नको.” मग ‘तुहान यांग महा एसा’, तो एकमेव परमेश्वर, हे घेतलं. इंडोनेशियाच्या पाच राष्ट्रीय तत्त्वांच्या, म्हणजे तिथल्या पंचशीलाच्या, पहिल्या तत्त्वाशी जुळणारे शब्द, तिथल्या सरकारी भाषेत सगळ्या धर्मांना चालणारे. उद्या विद्यापीठाची नियमावली बघून नावांचा क्रम लावायचा आहे.