तिघे एकच पान वाचतात

“गुंतवणूकदार, नोकरीला येणारी मुलं आणि गिऱ्हाईक, तिघंही एकच मजकूर वाचणार. मग संस्थापकाची ओळख लिहिताना तुम्ही नक्की कोणाशी बोलता?”

कंपन्यांच्या संस्थापकांची ओळख लिहून देणं हे माझं काम. त्यात मी बोलतो ते सगळ्यात धास्तावलेला असतो त्याच्याशी. तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक असतो. गुंतवणूकदार दहा ठिकाणी थोडे थोडे पैसे लावतो, नोकरीला येणारं पोरगं नाही जमलं तर दुसरीकडे जातं. गिऱ्हाइकाचा मात्र माल तुमच्या भरवशावर पडलेला असतो.

नाशिक जिल्ह्यातलं एक काम सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही आणि आकडेही थोडे बदलले आहेत, प्रमाण तेवढं खरं. ही मंडळी कांदाचाळीत लावायचं एक छोटं यंत्र बनवतात आणि हंगामापुरतं भाड्याने देतात. उन्हाळी कांदा चाळीत भरला की पुढे दिवाळीच्या आसपासपर्यंत ठेवतात, आणि ढिगाच्या पोटात एक कांदा सडला की त्याचं पाणी शेजारच्यांना लागत जातं. नाकाला वास येईपर्यंत बराच माल गेलेला असतो. यंत्र हवेतला दमटपणा आणि सडण्यातून निघणारा वायू मोजतं, गडबड वाटली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवतं.

संस्थापकाने स्वतः लिहून आणलेली पहिली ओळ होती: “पाचशेहून अधिक शेतकऱ्यांचा विश्वास लाभलेली, झपाट्याने वाढणारी आघाडीची कंपनी.” मी विचारलं, पाचशे कुठून आले? वही उघडली. यंत्रं ५१२ बनली होती. त्यातली ११२ विक्रेत्यांच्या दुकानात पडून, ९० फुकट वापरायला दिलेली. पैसे मोजलेले शेतकरी ३१०.

आता ती ओळ तिघांच्या डोळ्यांनी वाचा. “झपाट्याने वाढणारी” वाचून गुंतवणूकदाराला फार काही कळत नाही, कारण प्रत्येकजण तेच लिहितो. नोकरीला येणारी मुलगी मनात म्हणते, म्हणजे रात्री दहापर्यंत बसावं लागणार. आणि शेतकरी म्हणतो, एवढे वाढलेत तर माझा फोन कोण उचलणार? शब्द तेच, पण प्रत्येकाला त्यात वेगळी भीती दिसली. विशेषणं माझ्या कामाची नाहीत ती यामुळे.

आम्ही ती ओळ अशी केली: “२०२४च्या हंगामात ३१० शेतकऱ्यांनी पैसे भरून यंत्र लावलं. आदल्या वर्षीच्या १४० जणांपैकी ९८ जणांनी ते पुन्हा घेतलं.” संस्थापकाचा चेहरा पडला. पाचशेचे तीनशे झाले होते. पण गुंतवणूकदाराला हवं होतं ते इथेच मिळतं: दहातले सात परत आले. पुढचा प्रश्न तो विचारणारच, बाकीचे ४२ का गेले? कामाला येणाऱ्या मुलीसाठी ते ४२ म्हणजेच तिचं काम. आणि शेतकरी त्या ९८ जणांत आपल्या तालुक्यातलं कोण आहे ते शोधतो, मग त्याला फोन लावतो.

शिवाय एक साधा गुणाकार आहे. यंत्राचं हंगामाचं भाडं शेतकऱ्यांसाठी उघड छापलेलं असतं. कंपनीचा ताळेबंद आणि नफा-तोट्याचा हिशोब कंपनी निबंधकांकडे जमा होतो आणि थोडं शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. भाडं गुणिले ३१० केलं की उत्पन्नाच्या जवळपास आकडा येतो. भाडं गुणिले ५०० केलं तर येत नाही. हा हिशोब गुंतवणूकदाराकडचा नवशिका पोरगाही दुपारच्या चहाआधी करून मोकळा होतो, आणि मग उरलेल्या पानावर विश्वास बसत नाही.

खरा वाद झाला तो पुढच्या परिच्छेदावर. एका पावसाळ्यात कांद्याच्या टरफलांची बारीक धूळ यंत्राच्या जाळीत बसली, ती ओली झाली आणि अकरा चाळींना खोटा इशारा गेला. घाबरून त्यांनी कांदा बाहेर काढला आणि पडत्या भावात विकला. संस्थापकाचं म्हणणं, हे कशाला लिहायचं? मी म्हटलं, ते अकरा जण बाजार समितीत सांगतच आहेत, तुमच्या तोंडून तेवढं यायचं राहिलंय.

पण चूक सांगतानाही एक पथ्य आहे. चूक, तिचं कारण, काय बदललं आणि कधी बदललं, हे चारही हवं. एक जरी गळालं तरी ती कबुली न राहता नाटक होतं. आम्ही लिहिलं की जाळी आता बाहेरून काढून झटकता येते, एका यंत्राच्या जागी दोन यंत्रांचं मोजमाप जुळल्याशिवाय इशारा जात नाही, आणि त्या अकरा जणांचं त्या हंगामाचं भाडं परत केलं. दोन यंत्रं लावायची म्हणजे खर्च वाढतो, हे गुंतवणूकदाराला न सांगता कळतं. कामाला येणाऱ्याला कळतं की इथे चाळीत उभं राहून टरफलं झटकावी लागतील. ज्याला ते नको असेल तो अर्जच करत नाही, आणि ते बरंच.

मराठीत आपल्याला एक सोय आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेतो. चूक असेल तिथे “मी”, काम असेल तिथे “आम्ही”. “आपण” मात्र मी काढून टाकतो. “आपण मिळून क्रांती घडवूया” यातले आपण कोण? पैसे घालणारे, पगार घेणारे की भाडं भरणारे? “आम्ही एक कुटुंब आहोत” हेही असंच. मुलं ते वाचतात आणि जादा तासांचे पैसे मिळणार नाहीत असं समजतात.

आता, एका पानात तिघं मावतात याला मर्यादा आहे. एका यंत्रामागे किती सुटतं हे गुंतवणूकदाराला हवं असतं, पण ते छापलं तर दुसऱ्या दिवशी शेतकरी घासाघीस करायला येतो, आणि त्याचंही बरोबर असतं. ते बंद खोलीतल्या सादरीकरणात. तसंच “आम्ही अमुक कोटी उभारतोय, सहभागी व्हा” हे वाक्य मी काहीही झालं तरी लिहीत नाही. खासगी कंपनीला जनतेला समभाग घ्यायचं आमंत्रण देता येत नाही. कंपनी कायदा, २०१३च्या कलम ४२नुसार ठरावीक लोकांना समभाग देतानाही त्याची जाहीर जाहिरात करायला बंदी आहे. उत्साहाच्या भरात संस्थापक नेमकं हेच लिहून आणतात. वकिलाने पाहण्याआधी छापून गेलं तर निस्तरणं महाग पडतं.

मजकूर झाला की मी तो तीन जणांना मोठ्याने वाचून दाखवतो. या वेळी कंपनीच्या सीएंना, दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीला, आणि निफाडकडच्या एका शेतकऱ्याला. सीएंनी एका आकड्यापुढे “लेखापरीक्षण व्हायचं आहे” असं घालायला लावलं. मुलगी म्हणाली, चाळीत जावं लागतं हे मला मुलाखतीत कोणी सांगितलं नव्हतं. शेतकरीदादांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ते समदं ठीक हाय. पुढल्या साली तुम्ही असणार ना?”

गुंतवणूकदाराच्या पत्रातही हाच प्रश्न असतो, फक्त किती महिन्यांचे पैसे शिल्लक आहेत अशा भाषेत. नोकरीला येणारी मुलं तो विचारत नाहीत, पण घरी आईवडील त्यांना विचारतात. त्या दिवशी आम्ही शेवटून दुसरा परिच्छेद काढून टाकला, त्यात संस्थापकाचं बालपण आणि मामाच्या गावचा उन्हाळा होता. त्या जागी तीन ओळी आल्या: आज चालू असलेल्या यंत्रांची दुरुस्ती आणि सुटे भाग २०२७च्या हंगामापर्यंत मिळतील, त्यासाठी लागणारे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले आहेत, आणि कंपनी उद्या बंद झाली तरी यंत्र मोबाइलशिवाय, नुसत्या लाल दिव्यावर चालत राहील.

शेवटचं वाक्य लिहिताना संस्थापक थांबले. यंत्रात तसा दिवाच नव्हता. आता बसवतायत. तोवर त्या वाक्याची जागा कोरी ठेवलीय.